श्रीकृपेकरून आणि मुलांच्याही कृपेकरून

लग्नपत्रिका घरोघर जाते, देवापुढे ठेवली जाते, नंतर फ्रिजच्या दारावर चिकटून महिनाभर राहते, पण ती वाचत कुणी नाही. पत्रिका हातात पडली की नजर ठरलेल्या जागी जाते: मुलगी कुणाची, मुलगा कुणाचा, तारीख काय आणि कार्यालय कुठलं. पुढची नजर आपलं नाव पाकिटावर नीट लिहिलंय का, यावर. मधला सगळा मजकूर, म्हणजे ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आपले विनीत’पर्यंत, इतका पाठ झालेला असतो की डोळे त्यावरून घसरतात. पत्रिका छापणाऱ्यांकडे तर मजकुराच्या नमुन्यांची वहीच असते. ‘पाच नंबरचा मजकूर घ्या, छान आहे,’ असं म्हणून ते नावं आणि मुहूर्त तेवढा लिहून घेतात.

अलीकडे लग्नाळू मुलामुलींना हा पाच नंबरचा मजकूर नको असतो. ‘काहीतरी हटके हवं’ म्हणतात. हटके म्हणजे बहुतेक वेळा पत्रिकेचा आकार बदलणं. विमानाचा बोर्डिंग पास, प्रश्नपत्रिका, वर्तमानपत्राचं पहिलं पान, आधार कार्ड. २०२२ साली तामिळनाडूतल्या एका जोडप्याने औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटासारखी पत्रिका छापली आणि तिचा फोटो देशभर फिरला. वर स्वतः औषधनिर्माणशास्त्राचा प्राध्यापक असल्याने ती कल्पना त्याला शोभलीही. पण तीच पत्रिका बँकेतल्या माणसाने छापली तर तिच्यात उरतं काय? आकाराची गंमत पाकीट उघडताना संपते. आत पुन्हा पाच नंबरचाच मजकूर असेल, तर वाचणारा पुन्हा कार्यालयाचा पत्ता शोधायला लागतो.

दुसरी पद्धत म्हणजे सगळी पत्रिका कट्ट्यावरच्या भाषेत लिहायची. ‘भावांनो, यायलाच लागतंय!’ हे फोनवर ऐकताना बरं वाटतं. छापलं की लगेच शिळं होतं, कारण कट्ट्यावर ते बोलणारा समोर असतो, त्याचा आवाज आणि त्याची थाप पाठीवर असते. कागदावर उरतं ते नुसतं उद्गारचिन्ह.

मला विचाराल तर विनोदी पत्रिकेसाठी जुन्या मजकुराइतकं चांगलं भांडवल दुसरं नाही. तो मोडायचा नाही. त्याची चाल, त्याचे ‘योजिले आहे’, ‘कळविण्यात येते’ हे सगळं जसंच्या तसं ठेवायचं आणि त्यात घरातली खरी गोष्ट बसवायची. आचार्य अत्र्यांनी १९२५च्या ‘झेंडूची फुले’मध्ये केशवकुमार या नावाने हेच केलं. गंभीर कवितांची वृत्तं आणि डौल कायम ठेवून त्यांनी आत क्षुल्लक विषय बसवले. वाचणाऱ्याच्या कानात मूळ चाल असते म्हणूनच विडंबनाला धार येते. लग्नपत्रिकेची चाल तर प्रत्येक मराठी माणसाच्या कानात आहे.

एका ओळखीच्या घरची पत्रिका अशी बदलली, ती सविस्तर सांगतो. वधूला मुक्ता आणि वराला ओंकार म्हणू, ही नावं अर्थातच बदललेली आहेत. ती सांगलीची, तो नाशिकचा, नोकऱ्या दोघांच्या पुण्यात. मोठ्यांसाठी नेहमीची पत्रिका छापायची होतीच. मित्रमंडळी, ऑफिसातली माणसं आणि भावंडं यांच्यासाठी वेगळी हवी होती. मूळ मजकूर असा होता:

॥ श्री गणेशाय नमः ॥
सप्रेम नमस्कार वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. मुक्ता आणि नाशिक येथील आमचे स्नेही यांचे कनिष्ठ चिरंजीव चि. ओंकार यांचा शुभविवाह मिती मार्गशीर्ष शु. १०, शके १९४७, रविवार दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी १२ वाजून २१ मिनिटे या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
कृपया आहेर आणू नये.
आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं!

(पालकांची नावं आणि आडनावं मी इथे गाळली आहेत.)

पहिला प्रश्न विनोदाचा नसतोच. पत्रिका कोण बोलतंय, हा असतो. नेहमीच्या पत्रिकेत मुलीचे किंवा मुलाचे आईवडील बोलतात. मुलांची हौस अशी की आता आम्ही बोलणार: ‘नमस्कार, आम्ही मुक्ता आणि ओंकार, आणि आम्ही लग्न करतोय!’ असं केलं की जुनी चाल पहिल्याच ओळीत सुटते, आणि तिच्याबरोबर आईवडीलही पत्रिकेतून बाहेर पडतात. त्यांना ते लागतं, बोलून दाखवोत न दाखवोत. शिवाय स्वतःच्या लग्नाचं स्वतःच कौतुक करताना विनोद लाडिक होतो. म्हणून बोलणारे आईवडीलच ठेवले. फक्त ते आता खरं बोलणार होते.

खरं काय आहे ते गोळा करायला दोन्ही घरांशी गप्पा माराव्या लागतात. ‘काहीतरी गमतीदार सांगा’ असं म्हटलं की माणसं गप्प होतात किंवा कुठल्या तरी सिनेमातलं सांगतात. त्यापेक्षा साधे प्रश्न बरे. घरी कधी सांगितलं? घरच्यांना त्याआधी कधी कळलं होतं? भांडण कशावरून होतं? उशिरा कोण येतं? लग्नाच्या तयारीत कोण फिरतंय आणि कोण नुसतं फोनवर ओरडतंय? यातून हाती आलं ते असं. दोघं सहा वर्षं घरी ‘आम्ही फक्त मित्र आहोत’ म्हणत होती आणि दोन्ही आयांना दुसऱ्याच वर्षी सगळं माहीत होतं. ओंकार कुठेही वेळेवर पोचत नाही. मुक्ता दर पंधरा दिवसांनी धुवायच्या कपड्यांची बॅग घेऊन सांगलीला येते. आणि मुक्ताच्या चोवीस वर्षांच्या भावाला ताईच्या लग्नाचा मुख्य आनंद हा, की खोली आता त्याची एकट्याची.

एवढं साहित्य पुरतं. पत्रिकेच्या एका पानावर चारपाचच गमती मावतात. त्याहून जास्त झाल्या की वाचणारा पुढच्या ओळीत विनोद शोधत बसतो आणि कार्यालयाचा पत्ता त्याच्या नजरेतून सुटतो.

सुरुवातीला मुलांनी स्वतःच एक मसुदा केला होता. त्यात ‘स्वातंत्र्याचा अखेरचा दिवस’, ‘जन्मठेपेची तारीख’ आणि ‘एक विकेट पडली’ असं सगळं आलं होतं. लग्न म्हणजे शिक्षा हा विनोद प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फिरतो. तो कुठल्याही जोडप्याला लागू पडतो, म्हणून या जोडप्याचा होत नाही. त्यातली ‘अखेर मुलगी खपली’ ही ओळ मुक्ताच्या आईने पेनाने खोडली. मी काही बोलायची गरजच पडली नाही.

आता ओळीमागून ओळ. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या शब्दांवर वाचणारा झोपेत असतो. तिथेच त्याला जागं करायचं, पण हळूच: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून, आणि सहा वर्षांनी मुलांच्याही कृपेकरून’. देवाची थट्टा नाही, उलट देवाला कधीच हरकत नव्हती, अडून बसली होती ती मुलं, असा अर्थ निघतो. हे वाक्य मुक्ताच्या आजीने ऐकलं आणि म्हणाली, ‘खरंच आहे की!’ आजीने मान डोलावली की ओळ पक्की करायला हरकत नाही.

उशिरा येण्याची गोष्ट मुलांनी आधी अशी लिहिली होती: ‘ओंकार नेहमी उशिरा येतो म्हणून आम्ही त्याला मुहूर्त एक तास आधीचा सांगितला आहे, हाहाहा!’ गंमत यात आहे, पण ती सगळी उकलून ठेवलेली आहे. वाचणाऱ्याला करायला काही उरलं नाही. तीच गोष्ट पत्रिकेच्या चालीत अशी झाली: ‘वरास मुहूर्त ११ वाजून २१ मिनिटे असा कळविण्यात आला आहे. कृपया आपणही तसेच सांगावे.’ ओंकार उशिरा येतो हे कुठेही म्हटलेलं नाही. खरा मुहूर्त १२.२१ हे वरच्या ओळीत आहे. वाचणारा मनात वजाबाकी करतो, एक तास निघतो, आणि मग हसतो. ‘कळविण्यात आला आहे’ ही सरकारी पद्धत तशीच ठेवली, कारण कटाला सरकारी भाषा फार शोभते. शेवटच्या वाक्याने पाहुणाही कटात सामील होतो.

आणखी एक बारकावा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द मध्येच आला तर उरलेलं वाक्य त्याच्यावर पाणी ओततं. पत्रिका बहुतेक घरी मोठ्याने वाचली जाते, आजोबा चष्मा लावून वाचतात, म्हणून वाचताना श्वास कुठे थांबेल हे पाहावं लागतं. गमतीचा शब्द क्रियापदाच्या लगेच आधी ठेवावा, नाहीतर ती गंमत छोट्या दुसऱ्या वाक्यात सोडावी. ‘सदर दोघे गेली सहा वर्षे एकमेकांस फक्त मित्र म्हणून ओळखतात. उभय मातांस हे दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होते.’ दोन वाक्यांमधला तो पूर्णविराम मोठ्याने वाचताना आपोआप घेतला जातो.

आहेराची ओळ सगळ्यात अवघड गेली. पहिला विचार असा होता: ‘कृपया आहेर आणू नये. लेमनसेट व भिंतीवरील घड्याळे आमचेकडे पुरेशी आहेत.’ ऐकून सगळे हसले, कारण प्रत्येकाच्या माळ्यावर न फोडलेला लेमनसेट आहे. पण तो लेमनसेट कुणीतरी दिलेला असतो, आणि पत्रिका त्या माणसाच्याही घरी जाणार असते. आहेर देणाऱ्याची चेष्टा निमंत्रणात करायची नाही. यजमानाने थट्टा करावी ती स्वतःची, आपल्या पोरांची, फार तर ज्यांना आधी वाचून दाखवलं आहे अशा घरच्या माणसांची. पाहुण्यांची, व्याह्यांची, कुणाच्या रंगाची, वजनाची, पगाराची कधीच नाही. लेमनसेट काढला. त्याच्या जागी जोडप्याला सतावणारी गोष्ट आली: ‘कृपया आहेर आणू नये. “आता पुढे काय?” हा प्रश्न आहेर समजण्यात येईल.’ यातही पाहुण्यांना चिमटा आहेच, पण हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतःला तो प्रश्न विचारणारा समजत नाही, त्यामुळे लागत कुणालाच नाही.

आणि ती ‘नक्की यायचं हं!’ची ओळ. खरं तर नेहमीच्या पत्रिकेतली ही एकच मिश्कील जागा. वर सगळे ‘विनीत’ आणि ‘स्वागतोत्सुक’ ओळीने उभे, आणि खाली ‘किलबिल’ या मथळ्याखाली ज्यांना अजून वाचताही येत नाही अशा पोरांची नावं. म्हणजे विनोदाला दार आपल्या आजीआजोबांनीच उघडून ठेवलं होतं. इथे ओळ तशीच ठेवली, फक्त बोलणारा बदलला: ‘आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं! – चि. धाकटा भाऊ (वय वर्षे २४, खोली आता एकट्याची)’.

व्यवस्थापकांच्या यादीत सहा काकांची नावं होती. ‘व्यवस्थापक: सर्व काका. प्रत्यक्ष व्यवस्था: सर्व काकू.’ हे सर्व काकांना वाचून दाखवलं. पाच हसले, सहावे म्हणाले की मंडपवाल्याशी मीच बोललोय. मग त्यांच्या मानासाठी ‘(मंडप वगळून)’ असं जोडलं, आणि खरं सांगायचं तर ती ओळ त्यामुळे आणखी चांगली झाली.

मुक्ताचे वडील हे सगळं दोन दिवस नुसतं पाहत होते. शेवटी म्हणाले, ‘अहो, लग्न आहे, गॅदरिंग नाही.’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. म्हणून कशाला हात लावायचा नाही हे त्यांच्याबरोबर बसून ठरवलं. वरचं ‘श्री गणेशाय नमः’ तसंच राहील. आजोबांच्या नावामागे ‘कै.’ आहे, त्या ओळीच्या आसपास एकही गंमत येणार नाही. तिच्या वरखाली जरा जागा सोडायची, म्हणजे हसत आलेली नजर तिथे थांबेल. दोन्हीकडच्या आईवडिलांची नावं पूर्ण आणि मानाने. तिथी, वार, वेळ, कार्यालयाचा पत्ता सरळ शब्दांत. आणि गणपतीपुढे ठेवायची पहिली पत्रिका नेहमीच्याच मजकुराची.

नेहमीची पत्रिका ठेवण्याचं आणखी एक कोरडं कारण आहे. विवाह नोंदणीच्या वेळी लग्नाचा पुरावा म्हणून पत्रिका जोडायला सांगतात, नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं. नोंदणीच्या अर्जासोबत ‘वरास मुहूर्त ११ वाजून २१ मिनिटे असा कळविण्यात आला आहे’ हे जोडलं तर खिडकीपलीकडचा माणूस हसेल, पण अर्ज बाजूला ठेवेल. नोंदणीसाठी जी पत्रिका लागते, तिच्यावर कागदपत्रांवरची पूर्ण नावं हवीत, लाडकी नावं नकोत.

मजकूर पक्का झाला की छपाई, आणि इथे विनोदी पत्रिकेचे खास घोटाळे होतात. शंभरसव्वाशे प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, प्लेटचा खर्च थोड्या प्रतींवर पडतो. त्यांना डिजिटल छपाई बरी. मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवला आणि छापणारा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये काम करत असला, तर त्याला तो पुन्हा टाइप करावा लागतो किंवा बदलून घ्यावा लागतो, आणि मग जोडाक्षरं फुटतात. सगळ्यात आधी बळी पडतो तो ‘ऱ्य’. ‘दुसऱ्या’चं ‘दुस-या’ होतं. नेहमीच्या पत्रिकेत अशी चूक दिसली की लोक म्हणतात, छापणाऱ्याने घाण केली. विनोदी पत्रिकेत लोक तीन मिनिटं विचार करतात की यात काय कोटी आहे. म्हणून तिचं प्रूफ नेहमीच्या पत्रिकेपेक्षा जास्त कडकपणे तपासावं, आणि जे मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं आहे त्यावर ‘असेच ठेवावे’ अशी खूण करावी. नाहीतर एखादा चांगला कंपोझिटर सवयीने ते सुधारून टाकतो. आमच्या प्रूफमध्ये ११ वाजून २१ मिनिटांचं कुणीतरी प्रामाणिकपणे १२ वाजून २१ केलं होतं. तसंच छापलं गेलं असतं तर गंमत गेली असतीच, आणि वर मुहूर्त वराला वेगळा का कळवावा लागला, हे कुणालाच कळलं नसतं.

अंतिम मजकूर हा:

॥ श्री गणेशाय नमः ॥
सप्रेम नमस्कार वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून, आणि सहा वर्षांनी मुलांच्याही कृपेकरून, आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. मुक्ता (नोकरी पुण्यास, कपडे धुण्यास सांगलीस) आणि नाशिक येथील आमचे स्नेही यांचे कनिष्ठ चिरंजीव चि. ओंकार यांचा शुभविवाह मिती मार्गशीर्ष शु. १०, शके १९४७, रविवार दि. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी दुपारी १२ वाजून २१ मिनिटे या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे. वरास मुहूर्त ११ वाजून २१ मिनिटे असा कळविण्यात आला आहे. कृपया आपणही तसेच सांगावे.
सदर दोघे गेली सहा वर्षे एकमेकांस फक्त मित्र म्हणून ओळखतात. उभय मातांस हे दुसऱ्या वर्षापासून ठाऊक होते.
तरी या मंगलप्रसंगी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती.
कृपया आहेर आणू नये. ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न आहेर समजण्यात येईल.
व्यवस्थापक: सर्व काका. प्रत्यक्ष व्यवस्था: सर्व काकू (मंडप वगळून).
आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं! – चि. धाकटा भाऊ (वय वर्षे २४, खोली आता एकट्याची)

हे वाचून वडिलांनी फक्त एक शंका काढली. पत्रिकेवर दोन वेळा आहेत. कुणी फोनवर अर्धाच फोटो पुढे पाठवला तर लोक तासभर आधी येऊन बसतील, आणि अकराला चहाशिवाय काही तयार नसेल. शंका रास्त होती. म्हणून खाली कार्यालयाच्या पत्त्याजवळ खरी वेळ पुन्हा एकदा, ठळक अक्षरात द्यायचं ठरलं. तिथली ओळ त्यांनी स्वतः लिहून दिली: ‘मुहूर्त दुपारी १२ वाजून २१ मिनिटे. हा विनोद नाही.’ छापणाऱ्याने फोन करून विचारलं, दुसरं वाक्य ठेवायचं ना? वडील म्हणाले, ठेवायचं म्हणजे काय, तेच तर महत्त्वाचं आहे.